१० ग्रॅम पावडर, पाच वर्षं आणि एक स्पष्ट ‘नाही’

कंपवाताच्या रुग्णाने क्रिएटिन घ्यावं का, हा प्रश्न माजिवड्यातल्या माझ्या दवाखान्यात आता वारंवार येतो. विचारणारा बहुधा रुग्ण नसतो, त्याचा मुलगा असतो किंवा सून असते. मुलगा जिमला जातो, स्नायूंसाठी ही पांढरी पावडर स्वतः घेतो. ती पेशींना ऊर्जा पुरवते हे त्याला ठाऊक असतं, मेंदूच्या पेशींनाही पुरवते हे त्याने कुठेतरी वाचलेलं असतं, आणि बाबांचा हात थरथरतो, पाय घासतात, म्हणून त्याच डब्यातला चमचाभर बाबांच्या दुधात जायला लागतो. यात दोष द्यावा असं काही नाही. हाच विचार पंचवीसेक वर्षांपूर्वी जगातल्या उत्तम संशोधकांनीही केला होता. फरक एवढाच, की त्यांनी तो तपासून पाहिला. १,७४१ रुग्णांवर, अनेक वर्षं. त्या तपासणीची हकिकत पुढच्या पानांत आहे, आणि ती वाचण्याआधी वाचकाच्या हाती काय असावं, ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

पार्किन्सनच्या आजारात मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या काळसर भागातल्या पेशी हळूहळू मरतात. या पेशी डोपामिन तयार करतात आणि डोपामिन कमी पडलं की हालचाल मंदावते, अंग ताठरतं, बऱ्याच जणांना कंप सुटतो. लेव्होडोपाची गोळी हे डोपामिन भरून काढते, म्हणून रुग्ण चालू लागतो, शर्टाची बटणं लावू लागतो. पण पेशी मरायच्या थांबत नाहीत. लक्षणं कमी करणं आणि आजाराची चाल मंद करणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत. पहिलं काम आपल्याला साठेक वर्षांपासून येतं. दुसरं अजून येत नाही. क्रिएटिनकडून अपेक्षा होती ती या दुसऱ्या कामाची, आणि हा फरक मनात पक्का ठेवला नाही तर पुढचं काहीच नीट समजणार नाही.

क्रिएटिनच का, याला सबळ कारण होतं. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी माणसं अचानक लाकडासारखी ताठ झाली. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट अमली पदार्थात एमपीटीपी नावाचं रसायन होतं. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी त्याचा माग काढला तेव्हा कळलं, की या रसायनापासून शरीरात जे विष तयार होतं ते नेमकं त्याच डोपामिनच्या पेशींत शिरतं आणि तिथल्या मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीला ऊर्जा करून देणाऱ्या यंत्रणेचं, काम बंद पाडतं. पुढे १९८९मध्ये साध्या पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूतही त्याच यंत्रणेत बिघाड सापडला. पेशी ऊर्जेअभावी मरते असा तर्क उभा राहिला. क्रिएटिन हे शरीरात स्वतः तयार होणारं द्रव्य आहे, मांस-मासळीतूनही मिळतं, आणि त्याचं काम ऊर्जेचा राखीव साठा ठेवणं हेच आहे. १९९९ साली उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन आठवडे क्रिएटिन मिसळलेलं अन्न खाऊ घातलेल्या उंदरांना एमपीटीपी दिलं, तर त्यांच्या डोपामिनच्या पेशी बऱ्याच प्रमाणात वाचल्या. स्वस्त, सुरक्षित, तोंडाने घेण्याजोगी वस्तू, आणि तिच्यामागे इतकी सुसंगत साखळी. माझ्याकडे येणाऱ्या त्या मुलाचा तर्क चुकीचा नाही असं मी म्हणतो ते यासाठी.

पण उंदरांना क्रिएटिन विषाच्या आधी मिळालं होतं, हे इथेच नोंदवून ठेवावं. त्याकडे पुन्हा यायचं आहे.

उंदरांवरून थेट हजारो माणसांवर जाता येत नाही. अमेरिकेच्या सरकारी मेंदूविकार संस्थेने, एनआयएनडीएसने, पार्किन्सनसाठी चाचण्यांचं एक जाळं उभारलं. त्याचं नाव नेट-पीडी. त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण मोठ्या चाचणीचा निकाल आणि त्याआधीची आशा यांच्यातलं अंतर तिथेच तयार झालं. मोठी चाचणी खर्चीक आणि लांबलचक असते, म्हणून आधी छोटी चाचणी घ्यायची. तिच्यात ‘हे औषध चालतं का’ असं विचारायचं नाही, कारण दोन-अडीचशे रुग्णांत त्याचं उत्तर मिळत नाही. ‘हे औषध इतकं निरुपयोगी आहे का, की त्यावर पुढे पैसा घालवू नये’ एवढंच विचारायचं. उत्तर ‘हो’ आलं तर औषध बाद. ‘नाही’ आलं तर ते फक्त पुढच्या फेरीत जातं. पास होत नाही.

ही छोटी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. २०० रुग्ण, नुकताच आजार कळलेले, अजून लक्षणांसाठी औषध लागत नसलेले. तीन गट: एकाला रोज १० ग्रॅम क्रिएटिन, दुसऱ्याला मिनोसायक्लिन नावाचं प्रतिजैविक, तिसऱ्याला प्लासिबो, म्हणजे दिसायला औषधासारखंच पण आत औषध नसलेलं. वर्षभर प्रत्येकाचा आजार किती वाढला ते ठरलेल्या गुणपद्धतीने मोजलं. गुण जितके वाढले तितका आजार वाढला.

आता आकड्यांकडे थोडं हळू पाहू या. तुलना कशाशी करायची? संशोधकांनी आधीच ठरवलं होतं, की १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या डाटाटॉप या जुन्या मोठ्या चाचणीतल्या, परिणामकारक औषध न मिळालेल्या रुग्णांशी. त्या रुग्णांचे गुण वर्षात सरासरी १०.६५ने वाढले होते. औषधाने ही वाढ निदान ३० टक्क्यांनी कमी केली तरच ते पुढे न्यायच्या लायकीचं मानायचं, म्हणजे मर्यादा आली सुमारे ७.४६. क्रिएटिनच्या गटात वाढ झाली ५.६०, मिनोसायक्लिनच्या गटात ७.०९. दोन्ही मर्यादेच्या आत, दोन्ही बाद होण्यापासून वाचली. क्रिएटिन तर ठळकपणे चांगलं दिसलं. जुन्या रुग्णांच्या जवळजवळ निम्मी वाढ!

पण त्याच चाचणीत, त्याच काळात, त्याच डॉक्टरांनी मोजलेला प्लासिबोचा गटही होता. त्याची वाढ होती ८.३९. म्हणजे काहीच औषध न मिळालेले आजचे रुग्णही जुन्या काळातल्या रुग्णांपेक्षा सावकाश बिघडत होते. रुग्ण निवडण्याची पद्धत, तपासणारे हात, आजार लवकर ओळखला जाणं, यांतलं काहीही बदललं की असं होऊ शकतं. आता मर्यादा या गटावरून काढली तर? ८.३९मधून ३० टक्के वजा केले की उरतात ५.८७. मिनोसायक्लिन या मोजपट्टीवर मागे पडतं. क्रिएटिन ५.६०वर, काठावर, कसंबसं आत राहतं. जुन्या पट्टीने जवळजवळ पाच गुणांचा फायदा दिसत होता; नव्या पट्टीने तो पावणेतीन गुणांवर येतो, आणि प्रत्येक गटात जेमतेम साठ-सत्तर माणसं असताना एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो तो हा. कोणी फसवणूक केली नव्हती, संशोधकांनी प्लासिबोचा आकडाही उघड मांडला होता. पण बातमी बाहेर पोचताना ‘बाद झालं नाही’चं ‘आशादायक ठरलं’ झालं. आणि ‘आशादायक’चं घरोघरी पोचेपर्यंत ‘उपयोगी’ व्हायला काहीच वेळ लागत नाही. आजही ज्या लेखांच्या आधारे लोक क्रिएटिनबद्दल विचारतात, त्यांतले बरेच या छोट्या चाचणीपाशीच थांबलेले असतात. पुढे काय झालं ते त्यांत नसतंच.

पुढे जे झालं ती मोठी चाचणी. तिचं लघुनाम एलएस-१. प्रमुख संशोधक रॉचेस्टर विद्यापीठाचे डॉ. कार्ल कीबर्ट्झ. मार्च २००७ ते मे २०१० या काळात अमेरिका आणि कॅनडातल्या ४५ केंद्रांत १,७४१ रुग्ण घेतले. निदान होऊन पाच वर्षांच्या आतले आणि डोपामिनची औषधं सुरू झालेले. औषध न घेणारे रुग्ण मुद्दाम टाळले, कारण पाच-पाच वर्षं कोणाला औषधाविना ठेवता येत नाही, आणि प्रत्यक्षातले रुग्ण गोळ्या घेणारेच असतात. निम्म्यांना क्रिएटिन, ५ ग्रॅम सकाळी, ५ ग्रॅम संध्याकाळी. निम्म्यांना तशीच दिसणारी पावडर. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही.

मोजायचं काय, याचा विचार इथे अधिक खोलवर झाला. थरथर किती आणि ताठरपणा किती एवढंच मोजलं तर लेव्होडोपाचा डोस वाढवला की गुण सुधारतात, आणि आजार आतून पुढे सरकलाय हे दिसत नाही. म्हणून पाच वेगळ्या गोष्टी मोजल्या. रुग्ण एकूण किती परावलंबी झाला, रोजची कामं स्वतः किती करतो, चालणं, तोल, पडणं आणि चालताना पाय जागीच खिळणं, विचारांचा वेग, आणि त्याच्या स्वतःच्या मते आयुष्य कसं चाललं आहे. कोणाचं चालणं बिघडतं, कोणाची बुद्धी मंदावते, कोणी दोन्हींत टिकतो पण खचून जातो. एकच गोष्ट मोजली असती तर यांतले अनेक रुग्ण निसटले असते.

या पाच गोष्टींची बेरीज कशी करायची? शाळेत प्रत्येक विषयात वर्गातला क्रमांक काढावा आणि मग ते क्रमांक एकत्र करावेत, तसं त्यांनी केलं. जास्त क्रमांक म्हणजे जास्त वाईट. पाच वर्षांपूर्वी किंवा त्याआधी दाखल झालेल्या ९५५ रुग्णांचा हिशेब आधी ठरल्याप्रमाणे मध्येच केला गेला. पाच क्रमांकांची बेरीज कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ४,७७५ येऊ शकते. औषधाचा काहीच परिणाम नसेल तर दोन्ही गटांची सरासरी मध्यावर, २,३९०च्या आसपास यायला हवी. प्लासिबोची आली २,३६०. क्रिएटिनची आली २,४१४.

म्हणजे क्रिएटिनचा गट उलट जरासा वाईट बाजूला होता. पण ‘क्रिएटिनने नुकसान केलं’ असा अर्थ यातून काढू नये. एवढा फरक औषधाचा काहीही परिणाम नसतानाही सहज पडू शकतो. संख्याशास्त्राच्या भाषेत त्याची शक्यता ०.४५ आली. चाचणीवर देखरेख ठेवणारी एक स्वतंत्र समिती असते, तिला मध्येच आकडे पाहण्याचा अधिकार असतो. आता उरलेले रुग्ण ठरलेल्या मुदतीपर्यंत नेले तरी निकाल क्रिएटिनच्या बाजूला झुकण्याची वास्तव शक्यता नाही, असं दिसल्यावर २०१३मध्ये चाचणी थांबवली. संपूर्ण अहवाल फेब्रुवारी २०१५मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आला. सुरक्षिततेबद्दल चिंता वाटावी असं काही त्यात आढळलं नाही.

चाचणी मध्येच थांबली म्हणजे ती अर्धवट राहिली, तेव्हा उत्तर मिळालंच नाही, असं काही जण म्हणतात. ते बरोबर नाही. थांबवण्याचा नियम चाचणी सुरू होण्याआधी लिहिलेला होता आणि तो याचसाठी होता, की उत्तर स्पष्ट झाल्यावर शेकडो माणसांना उगाच रोज पावडर घ्यायला लावू नये. रुग्णांचा पाठपुरावा सरासरी चार वर्षांच्या आसपास झाला होता. पार्किन्सनमध्ये इतक्या लोकांना इतका काळ काळजीपूर्वक मोजलेल्या चाचण्या फार थोड्या आहेत. हे उत्तर कच्चं नाही.

मग उंदरांत चाललेलं माणसांत का चाललं नाही? मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा इथे लागतो. उंदरांना क्रिएटिन विषाच्या आधी दिलं होतं. माणसाचा हात थरथरायला लागतो आणि तो डॉक्टरकडे जातो, तोपर्यंत त्या भागातल्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. शिवाय एमपीटीपीचा घाव काही दिवसांचा असतो, आणि पार्किन्सन दशकानुदशकं चालतो, त्यात पेशींत प्रथिनांच्या गाठी साठणं आणि इतर अनेक घडामोडी असतात. उंदराचा तो आजार पार्किन्सनसारखा दिसतो, पार्किन्सन नसतो. दुसरी अडचण पोचण्याची. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो अडसर आहे, तो क्रिएटिनला सावकाशच आत सोडतो. निरोगी तरुणांना महिनाभर रोज २० ग्रॅम देऊन मोजलं, तेव्हा मेंदूतलं क्रिएटिन दहा टक्क्यांच्या आतच वाढलं. स्नायूंत ते याहून बरंच जास्त साठतं. जिममध्ये दिसणारा परिणाम मेंदूत का दिसू नये, याचं निदान एक कारण इथे आहे. अधिक डोस हवा होता असंही म्हणता येत नाही, कारण हंटिंग्टन या दुसऱ्या मेंदूविकारात रोज ४० ग्रॅमपर्यंत क्रिएटिन देऊन मोठी चाचणी झाली, आणि तीही २०१४मध्ये फायदा दिसत नाही म्हणून थांबवावी लागली.

या निकालाची मर्यादाही सांगायला हवी. आजाराची चाल मंद करण्यासाठी क्रिएटिन निरुपयोगी ठरलं, ते निदान झालेल्या, औषध घेणाऱ्या रुग्णांत. व्यायामाबरोबर घेतल्यास पार्किन्सनच्या रुग्णाच्या स्नायूंची ताकद थोडी अधिक वाढते का, हा निराळा प्रश्न आहे. त्यावर २००७चा अवघ्या २० रुग्णांचा एक अभ्यास आहे आणि त्यात ताकद वाढलेली दिसली. ‘बाद झालं नाही’चं काय होतं ते आपण आत्ताच पाहिलं, तेव्हा वीस रुग्णांवर किती भिस्त ठेवायची ते वाचकाने ठरवावं.

ठाण्यातल्या रुग्णांच्या बाबतीत मला प्रत्यक्ष काळजी वाटते ती शुद्ध क्रिएटिनची नाही, डब्यात त्याच्यासोबत येणाऱ्या गोष्टींची. दुकानात मिळणाऱ्या अनेक मिश्रणांत प्रथिनांची पावडर असते. प्रथिनं पचल्यावर जी अमिनो आम्लं तयार होतात, ती आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना लेव्होडोपाशी एकाच वाटेसाठी झगडतात. सकाळच्या गोळीबरोबर दुधात प्रथिनांचा मोठा चमचा गेला, की गोळी नीट लागत नाही, बाबा अकरा वाजेपर्यंत खुर्चीतून उठू शकत नाहीत, आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. काही मिश्रणांत भरपूर कॅफिन असतं. एलएस-१मधल्याच माहितीची नंतर पुन्हा छाननी केली तेव्हा क्रिएटिन घेणाऱ्यांपैकी जे खूप कॅफिन घेत होते त्यांचा आजार अधिक वेगाने वाढलेला आढळला. ही नंतरची छाननी आहे, तिने कारण सिद्ध होत नाही, पण वर्षानुवर्षं असं मिश्रण घेण्याचं समर्थन मात्र तिने नक्कीच होत नाही. आणखी एक गोष्ट. शरीरात क्रिएटिनचंच रूपांतर होऊन क्रिएटिनिन बनतं, आणि मूत्रपिंड किती काम करतंय हे आपण रक्तातल्या क्रिएटिनिनवरूनच ठरवतो. पावडर घेणाऱ्याचा हा आकडा मूत्रपिंड ठीक असतानाही वाढलेला येऊ शकतो. डॉक्टरला पावडरीचं सांगितलं नसेल तर नको त्या तपासण्या होतात, किंवा उलट, खराच बिघाड पावडरीच्या नावावर खपून जातो. सत्तरीच्या, मधुमेह असलेल्या माणसात ही चूक महागात पडते.

आपल्याकडच्या आणखी एका औषधाशी याची गल्लत होते. खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण, ज्याला कवचबीज म्हणतात, ते घेऊन बरं वाटल्याचं अनेक जण सांगतात, आणि ते खरं असतं. त्या बियांत लेव्होडोपाच असतो, मुंबईतल्या डॉ. अशोक वैद्य यांच्या गटाने १९७८मध्येच त्यावर काम प्रसिद्ध केलं होतं. तो लक्षणांवरचा उतारा आहे आणि तो तासाभरात जाणवतो. आजाराची चाल मंद झाली का, हे मात्र रुग्णाला स्वतःला कधीच जाणवू शकत नाही, कारण पावडर घेतली नसती तर आज आपण कसे असतो हे त्याला पाहता येत नाही. ‘बाबांना क्रिएटिनने फरक पडला’ हे वाक्य मी म्हणूनच पुरावा मानत नाही. तो फरक पाहायला दुसरा गटच लागतो, तोही मोठा.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे. पार्किन्सनची चाल रोखण्यासाठी क्रिएटिन घेऊ नये. घेत असाल तर न्यूरॉलॉजिस्टला सांगून बंद करावं, आणि त्यावर दरमहा जाणारे पैसे फिजिओथेरपीकडे वळवावेत. आजाराची चाल मंद करतं असं सिद्ध झालेलं एकही औषध आज आपल्याजवळ नाही, त्यामुळे अशा चाचण्या पुन्हा होतील, मुंबई-ठाण्यातल्या रुग्णांनाही त्यांत विचारलं जाईल. विचारलं तर नाही म्हणण्याची घाई करू नका. भारतात जून २००९पासून औषधाच्या चाचणीची नोंद सीटीआरआयमध्ये आधी करणं बंधनकारक आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक मागा आणि ctri.nic.in वर जाऊन तो स्वतः पाहा. तुलनेसाठी त्याच काळातला दुसरा गट आहे का, आणि चाचणी केव्हा थांबवायची ते आधी लिहून ठेवलं आहे का, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारा. समाधानकारक उत्तरं मिळाली तर जरूर सहभागी व्हा.